जाळीमागचा पक्षी आणि फोनचा फोकस

प्रश्न: पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्याबाहेरून फोनने घुबडाचे फोटो काढते. बोट घुबडावर ठेवलं तरी फोकस जाळीवरच जातो. फोकस लॉक केला की घुबड कधी नीट येतं, पण जाळीच्या पांढुरक्या रेघा तशाच राहतात. मॅन्युअल फोकसची पट्टी फिरवून पाहिली, पण कुठे थांबवायची तेच कळत नाही. पानांमागचा पक्षी आणि गज लावलेली काच यांच्या बाबतीतही हेच होतं. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

यात दोन निरनिराळ्या अडचणी एकमेकींत अडकल्या आहेत, त्या आधी सोडवू. पहिली, फोकस चुकीच्या अंतरावर बसतो. लॉक आणि पट्टी आहेत त्या याच्यासाठी. दुसरी, फोकस बरोबर बसला तरी जाळी फोटोत राहते. तिथे लॉकचा काही उपयोग नाही. तिथे लेन्स जाळीपासून किती लांब आहे आणि घुबड जाळीच्या मागे किती लांब आहे, यावर सगळं ठरतं. पुष्कळ जण पहिल्या अडचणीचं औषध दुसरीला देत बसतात, आणि मग वाटतं की आपला फोनच वाईट.

मी जखमी पक्ष्यांच्या पुनर्वसन केंद्रासाठी नोंदीचे फोटो काढतो. पक्षी पिंजऱ्यात, मी बाहेर आणि हातात बहुतेक वेळा फोनच. त्यामुळे खाली जे लिहितोय ते मुख्यतः तारेच्या जाळीबद्दल आहे. पानं आणि काच यांच्याकडे शेवटी येतो, कारण जाळीचं गणित कळलं की त्यांचं निम्मं आपोआप कळतं.

आधी फोन जाळीच का धरतो ते पाहू. फोनचा ऑटोफोकस कडा शोधतो. उजेड-अंधाराचा ठळक फरक जिथे असेल तिथे त्याला अंतर ताडणं सोपं जातं. उन्हात चमकणारी तार आणि तिच्यामागे पिंजऱ्यातली सावली, यापेक्षा ठळक कड त्याला कुठे मिळणार? त्याउलट घुबडाची पिसं मऊ, मातकट, एकात एक मिसळलेली. तुम्ही बोट घुबडावर ठेवता तेव्हा फोन एका बिंदूकडे नाही, एका लहान चौकोनाकडे बघतो आणि त्या चौकोनातून हमखास एखादी तार जातेच. काही फोनांत अंतर मोजायला अदृश्य प्रकाश सोडणारा सेन्सरही असतो. तो प्रकाश तारेवरून किंवा काचेवरून परत येतो आणि फोनची समजूत होते की समोरची वस्तू वीतभर अंतरावर आहे.

म्हणून लॉकचा सगळ्यात कामाचा उपयोग घुबडावर बोट दाबून धरण्यात नाहीच. लॉक म्हणजे फोन घुबडाला लक्षात ठेवतो असं नाही. लॉक झाला की लेन्स ज्या जागी आहे त्या जागी ती थांबते, बस्स. म्हणजे एक अंतर गोठतं. मग ते अंतर घुबडावरूनच घ्यायला हवं असं कुठे आहे? घुबड तुमच्यापासून चार मीटरवर असेल, तर जाळी आड येत नाही अशी चार मीटरवरची कुठलीही वस्तू चालेल: बाजूच्या झाडाचं खोड, कुंपणाचा खांब, पायवाटेवरचा दगड. फोन तिकडे वळवा, तिच्यावर बोट दाबून धरा, लॉक झाल्याची खूण येऊ द्या, आणि मग जागेवरून न हलता फोन परत घुबडाकडे आणा. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात वर पिवळ्या पट्टीत AE/AF LOCK असं दिसतं. अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी बोट दाबून धरल्यावर कुलपाचं चिन्ह येतं. काही फोनांत एकदा टेकवून मग कुलपावर वेगळं बोट ठेवावं लागतं.

यात एक खोच आहे. आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर लॉक केल्यावर फोकसबरोबर उजेडाचं मापही गोठतं. उन्हातल्या खोडावर लॉक केलंत आणि घुबड सावलीत असेल, तर घुबड काळंकुट्ट येईल. लॉक न सोडता शेजारचं सूर्याचं चिन्ह वर सरकवा, ते याचसाठी आहे. मी शक्यतो सावलीतलीच वस्तू निवडतो, म्हणजे सरकवायची वेळच येत नाही.

अंतर किती अचूक हवं? ते लेन्सवर अवलंबून आहे. फोनची मुख्य, म्हणजे १एक्सची लेन्स, याबाबतीत फार उदार असते. चार मीटरवर लॉक केलं तर साधारण सव्वादोन-अडीच मीटरपासून बऱ्याच लांबपर्यंतचं चालण्यासारखं स्पष्ट येतं. एक पाऊल पुढेमागे तिला माफ असतं. टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, तेवढी माफी देत नाही. ३एक्सवर तेच चार मीटर धरलेत तर स्पष्टतेचा पट्टा ढोबळपणे तीन ते साडेसहा मीटरांचा उरतो, आणि ५एक्सवर त्याहून अरुंद. तेव्हा १एक्सवर अंदाजाने लॉक केलेलं चालतं, टेलीवर पट्टी लागते. पट्टीची गरज कधी पडते, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे.

आता ती पट्टी कुठे थांबवायची. तुमची अडचण खरी आहे, आणि दोष तुमच्या बोटाचा नाही. ही पट्टी मीटरांत आखलेली नसते. अँड्रॉइडच्या कॅमेरा यंत्रणेत फोकसचं अंतर डायॉप्टरमध्ये धरतात, चष्म्याच्या नंबरासारखं: एक भागिले मीटर. अनंत म्हणजे ०, एक मीटर म्हणजे १, अर्धा मीटर म्हणजे २, आणि दहा सेंटिमीटर म्हणजे १०. काही ॲपमध्ये पट्टीची वाटणी याच हिशोबाच्या जवळपास असते. समजा तुमची लेन्स दहा सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. मग दहा सेंटिमीटर ते एक मीटर एवढ्याशा पल्ल्याला पट्टीचे दहापैकी नऊ भाग जातात, आणि एक मीटरपासून क्षितिजापर्यंतचं सगळं जग उरलेल्या एका भागात कोंबलेलं असतं. जाळी अर्ध्या मीटरवर धरली तर ती २ वर. घुबड चार मीटरवर, म्हणजे पाव वर. जाळीपासून घुबडापर्यंत जायला पट्टी सहाव्या हिश्शाएवढी सरकवायची असते आणि तीही अगदी लांबच्या, डोंगराचं चिन्ह असलेल्या टोकाला. तुम्ही मधे कुठेतरी थांबत असाल तर फोकस हवेतच, जाळीच्याही अलीकडे पडत असणार.

तेव्हा पट्टी उलटीकडून धरा. जवळच्या, फुलाचं चिन्ह असलेल्या टोकाकडून नको, डोंगराच्या टोकाकडून सुरुवात करा आणि केसाएवढी मागे आणा. पण थेट टोकावर ठेवून सोडून देऊ नका. बऱ्याच फोनांत लेन्स अनंताच्याही थोडी पलीकडे सरकू शकते, कारण बनवताना तापमान वगैरेसाठी जागा राखलेली असते. टोकावर ठेवलेली पट्टी म्हणजे लांबचं स्पष्ट, असं गृहीत धरलं की अख्खी मालिका किंचित मऊ येते आणि मोठी करून पाहीपर्यंत कळत नाही.

थांबायची जागा डोळ्याने नाही, रंगाने ठरवा. सॅमसंगच्या प्रो मोडमध्ये MF, म्हणजे मॅन्युअल फोकसवर गेल्यावर, आणि शाओमीच्या प्रो मोडमध्ये किंवा ओपन कॅमेरासारख्या ॲपमध्ये सेटिंग चालू केल्यावर, फोकसमध्ये आलेल्या कडा हिरव्या किंवा लाल रंगाने उजळतात. याला फोकस पीकिंग म्हणतात. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात पट्टीही नाही आणि पीकिंगही नाही; हॅलाइडसारखं ॲप घ्यावं लागतं. रंग चालू करून एकदा मुद्दाम जाळीवर फोकस आणा. सगळी जाळी रंगाने भरून जाईल. आता पट्टी हळूहळू डोंगराकडे न्या. तारांवरचा रंग विरत जाईल, मधे काही क्षण कुठेच रंग नसेल, आणि मग तो घुबड बसलंय त्या फांदीच्या सालीवर उमटेल. पुढे जा, साल विझून मागच्या भिंतीवर रंग येईल. परत या. फांदीवर रंग सगळ्यात दाट कुठे होता ते असं पुढेमागे केल्यावरच कळतं. फांदी मी मुद्दाम म्हणतोय. घुबडाच्या छातीच्या पिसांवर पीकिंग चटकन उजळत नाही. डोळ्याच्या कडेवर आणि पंजाखालच्या सालीवर उजळतं. डोळा तुमच्याकडे असेल तर तो धरा, नाहीतर पंजा.

इथवर घुबड स्पष्ट झालं. आता त्या पांढुरक्या रेघा.

घुबडाच्या डोळ्याच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश तुमच्या लेन्सच्या सबंध तोंडावर पडतो. म्हणजे बिंदूपासून लेन्सपर्यंत किरणांचा एक शंकू तयार होतो: घुबडाकडे टोक, लेन्सकडे रुंद तळ. जाळीची तार या शंकूला मधे कुठेतरी छेदते. तिथे शंकू तारेपेक्षा जाड असेल तर तार त्यातला थोडा प्रकाश अडवते, उरलेला तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून लेन्सपर्यंत पोचतो, आणि फोटोत तार विरघळल्यासारखी होते. शंकू तारेपेक्षा बारीक असेल तर तार तो पुरता अडवते आणि तिथे घुबडाचा तेवढा तुकडा मिळतच नाही. फोकस कितीही अचूक असो, जो प्रकाश लेन्समध्ये शिरलाच नाही तो कुठून आणणार?

मोठ्या कॅमेऱ्यांना हे सोपं जातं, कारण त्यांच्या लेन्सचं तोंड काही सेंटिमीटर रुंद असतं. फोनच्या लेन्सचं किती? प्रत्यक्ष फोकल लांबी भागिले एफ आकडा. मुख्य लेन्स बहुधा सहा-सात मिलिमीटरची आणि एफ १.८ च्या आसपासची. भागाकार पावणेचार मिलिमीटर. फोटोच्या माहितीत पाहताना एवढं बघा की काही गॅलऱ्या २४ किंवा २६ मिलिमीटर दाखवतात. ती मोठ्या फिल्मशी तुलना करून सांगितलेली लांबी असते, या भागाकारात ती चालत नाही.

पावणेचार मिलिमीटर आणि दोन मिलिमीटरची तार, हा सामना बरोबरीच्या जवळचा आहे. म्हणून अंतरं महत्त्वाची ठरतात. तुमच्यासारखंच एक उदाहरण घेऊ. समजा जाळी पंचवीस मिलिमीटर चौकटीची, तार दोन मिलिमीटर, आणि आड कठडा असल्यामुळे तुम्ही जाळीपासून एक मीटरवर. घुबड जाळीच्या मागे तीन मीटरवर बसलंय. तारेच्या जागी शंकूची जाडी तळाच्या पाऊण पट, म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटर. तार दोनची. रेघ फिकट होते पण राहते. तिच्या मध्यावर बहुतेक प्रकाश अडलेलाच असतो. आता तेच घुबड उडून जाळीपासून अर्ध्या मीटरवरच्या फांदीवर येऊन बसलं. तुम्हाला वाटेल जवळ आलं, बरं झालं. पण तारेच्या जागी शंकू आता सव्वा मिलिमीटरचाच उरला. दोनची तार त्याला पुरती झाकते आणि फोटोत तार तार म्हणूनच येते. हा फोटो मी घेतच नाही. घुबड मागच्या फांदीवर परत जाईपर्यंत थांबतो.

आणि कठडा नसेल, जाळीपर्यंत हात पोचत असेल, तर सगळं चित्रच पालटतं. तेव्हा तार विरघळवायची गरजच नाही, ती चौकटीबाहेर ठेवता येते. मुख्य लेन्सला एक सेंटिमीटरवर जेमतेम पावणेदोन-दोन सेंटिमीटर रुंदीचं दिसतं. भोक अडीच सेंटिमीटरचं. लेन्स भोकाच्या मधोमध, जाळीपासून सेंटिमीटरच्या आत आणली की तिच्या दृष्टीने जाळी नाहीच. टेलीला तर याहून सोपं. ३एक्सची लेन्स अरुंद बघते, त्यामुळे तीन-चार सेंटिमीटर मागे राहूनही ती एका भोकातून पार बघू शकते. मात्र मधल्या पट्ट्यात, म्हणजे पाच सेंटिमीटर ते अर्धा मीटर, पुढेमागे सरकून मुख्य लेन्सला जाळीच्या बाबतीत फारसा फायदा होत नाही. तारा कमी-जास्त मोजल्या जातात, पण चित्राचा तेवढाच हिस्सा झाकलेला राहतो. एक तर भोकात घाला, नाहीतर राहू द्या.

भोकात घालताना तीन गोष्टी फसवतात, आणि तिन्ही फोनच्या हुशारीमुळे.

एक, कुठली लेन्स भोकात आहे ते नक्की करा. मागे दोन-तीन डोळे असतात. ३एक्स निवडल्यावर त्यातला कोणता काम करतोय हे पाहायला प्रत्येकावर बोट ठेवून बघा; ज्यावर ठेवल्यावर पडदा काळा होतो तो चालू. हे दर वेळी करावं, कारण उजेड कमी असला किंवा समोर काही फार जवळ आहे असं वाटलं, तर पुष्कळ फोन ३एक्स दाखवत राहून प्रत्यक्षात मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतात. तुम्ही टेली भोकात धरून बसलेले असता आणि बघत असते शेजारची, तारेमागची लेन्स.

दोन, मॅक्रो. आयफोन १३ प्रो आणि त्यानंतरच्या बऱ्याच मॉडेलांत समोर जवळ काही आलं की कॅमेरा आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर जातो. जाळीला टेकायला गेलात की त्याला वाटतं तुम्हाला तारेचाच फोटो हवाय. ओळखायची खूण म्हणजे चित्र एकदम किंचित बाजूला उडी मारतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Macro Control चालू करून ठेवा, म्हणजे अशा वेळी पिवळं फूल पडद्यावर येतं आणि त्यावर बोट ठेवून उडी थांबवता येते. अँड्रॉइडमधल्या काही फोनांतही असंच चिन्ह असतं. प्रो मोडमध्ये एक लेन्स निवडली की सहसा ती बदलत नाही.

तीन, लॉक कधी करायचा. जाळीला टेकल्यावर नाही. तेव्हा सेन्सरसमोर तार असते आणि फोकस भलतीकडेच धावतो. आधी एक पाऊल मागे, बाजूच्या मोकळ्या खोडावर लॉक, मग पुढे जाऊन लेन्स भोकात. एका पावलाने अंतर बदललं ते मुख्य लेन्सला चालतं. टेलीवर असाल तर खोड घुबडापेक्षा तेवढंच तुमच्या जवळचं निवडा, किंवा भोकात गेल्यावर पट्टीने पीकिंग बघून थोडं सावरा. लेन्स बदलली की लॉक सुटतो, म्हणून झूम आधी ठरवा. शटर दाबण्यापूर्वी वरची पिवळी पट्टी किंवा कुलूप अजून आहे ना, याकडे एक नजर टाका. आणि फोन भोकातून आत घालू नका, फक्त टेकवा. घुबड शांत दिसतं, पण जाळीजवळ हललेल्या बोटावर झडप घालायला त्याला काही वेळ लागत नाही. कठडा असेल तर तो ओलांडायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

कठडा आहेच, मीटरभर लांबच राहावं लागतंय, तर? मग जाळी घालवायचा नाद सोडून ती दबेल असं बघा. घुबड जाळीपासून जितकं लांब तितकं बरं, हे वर आलंच. त्याखालोखाल महत्त्वाचं म्हणजे तारेवर ऊन आहे की नाही. सावलीतली किंवा काळी रंगवलेली तार फोटोत थोडा काळपटपणा आणते, तो संपादनात कॉन्ट्रास्ट वाढवून झाकतो. उन्हात चमकणारी जस्ती तार मात्र विरघळली तरी स्वतःचा पांढरा उजेड चित्रावर पसरते, त्यातून तुमच्या त्या पांढुरक्या रेघा येतात. पिंजऱ्याच्या भोवती फिरून जिथे जाळी सावलीत आणि आतलं घुबड उजेडात असेल ती बाजू शोधा. दुपारी मिळाली नाही तर संध्याकाळी मिळते. लेन्सचं तोंड मोठं असलेला पेरिस्कोप टेली फोनात असेल तर त्यानेही फरक पडतो, पण मीटरभरावरून दोन मिलिमीटरची तार तोही पूर्ण पुसत नाही.

पोर्ट्रेट मोड इथे वापरू नका. तो मागचं-पुढचं ओळखून कृत्रिम धूसरपणा चढवतो. तार कुठे संपते आणि पीस कुठे सुरू होतं हे त्याला ठरवता येत नाही, मग तारेचे अर्धवट तुकडे घुबडाच्या डोक्यावर चिकटलेले दिसतात.

घरी फोटो मोठा करून पाहताना दोष कुठला ते असं ओळखा. तारेचा पीळ किंवा गंज स्पष्ट दिसतोय आणि घुबड मऊ, तर फोकस जाळीवर होता. लॉक सुटला किंवा झालाच नव्हता. फांदी स्पष्ट पण घुबड मऊ, तर ते हललं किंवा पुढे सरकलं. तार, फांदी, भिंत, काहीच स्पष्ट नाही आणि सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं, तर हात हलला. प्रो मोडमध्ये शटर १/१२५ किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि आयएसओ वाढू द्या. आणि डोळ्याची कड स्पष्ट आहे, पण सगळ्यावर दुधाळ पापुद्रा आहे, तर फोकसमध्ये काही करायचं उरलेलं नाही. जागा बदला.

आता पानं. पान तारेसारखं दोन मिलिमीटरचं नसतं, बोटभर ते तळहाताएवढं असतं. फोनच्या पावणेचार मिलिमीटरच्या तोंडापुढे ते कधीच विरघळणार नाही. हिरवा डाग होऊन राहील. पानांत फट शोधावीच लागते. फट सापडली की खरा त्रास वाऱ्याचा. दर झुळुकीला एक पान आड येतं, ऑटोफोकस त्याच्यावर उडी मारतो आणि परत पक्ष्यावर यायला वेळ घेतो, तोवर फट गेलेली असते. लॉक इथे सगळ्यात जास्त कामाला येतो: पान आड आलं तरी लेन्स जागची हलत नाही, आणि ते बाजूला झालं की त्याच क्षणी पक्षी स्पष्ट असतो. लॉक करून सलग फोटोंचा मारा करा, मग त्यातले फट उघडी असलेले निवडा. पीकिंग मात्र पानांत गोंधळ घालतं, कारण पानापानाच्या कडा उजळतात. तिथे मी आधी पक्ष्याखालची फांदी बुंध्यापासून डोळ्याने माग काढत जातो आणि तिच्या सालीवर रंग येईपर्यंत पट्टी हलवतो. पक्षी त्याच फांदीवर तुमच्या दिशेने चालत आला, तर लॉक जुना झाला; सोडून परत करा.

गज लावलेल्या काचेत गज हा सोपा भाग. ते बोटभर जाड असतात, पण त्यांच्यामधलं अंतरही भरपूर असतं. दोघांच्या मधे लेन्स धरली की झालं. त्रास काचेचा. अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा प्रकाश तिच्यावरून परत येतो, आणि काचेवरच्या धुळीवर किंवा तुमच्याच प्रतिबिंबावर फोकस बसतो. प्रतिबिंबाची गंमत अशी की ते काचेवर नसतं, काचेमागे असतं. तुम्ही काचेपासून एक मीटरवर असाल तर तुमचा चेहरा फोनला दोन मीटरवर दिसतो, आणि पीकिंग तोही रंगवतं. रंग आला म्हणून फसू नका, कशावर आला ते पहा. फोन काचेला सपाट टेकवा, तिरका नको. तिरक्या जाड काचेतून कडा दुहेरी येतात. टेकवल्यावर लेन्सच्या भोवती तळहाताची ओंजळ धरा किंवा गडद कापड गुंडाळा, म्हणजे प्रतिबिंब जातं. टेकवल्यावर सेन्सर हमखास चुकतो, तेव्हा लांबच्या विषयासाठी पट्टी डोंगराच्या टोकापासून किंचित मागे, किंवा ॲपमध्ये अनंताचा पर्याय असेल तर तो. जाळी काचेच्या आतच बसवलेली असेल, तर चौकटी मोठ्या असल्यासच लेन्स एका चौकटीसमोर टेकवून बघण्यात अर्थ आहे. खरबरीत किंवा नक्षीच्या काचेला काहीच उपाय नाही.

तुमच्या घुबडासाठी मी जाईन तो क्रम सांगतो. आधी पिंजऱ्याला एक फेरी, सावलीतली जाळी आणि घुबड मागे बसलेलं अशी जागा. लेन्स साफ पुसून झूम ठरवायचा, चालू डोळा बोटाने तपासायचा. तेवढ्याच अंतरावरच्या मोकळ्या खोडावर लॉक, टेली असेल तर फांदीवर पीकिंगने पट्टी. मग भोकाला लेन्स, उजेड सूर्याच्या चिन्हाने सावरून सलग चार-सहा फोटो, आणि तिथेच उभं राहून एक फोटो डोळ्यापर्यंत मोठा करून पाहायचा. कठड्यामुळे भोकापर्यंत पोचता येत नसेल तर जाळीची चौकट किती मोठी आहे, तार किती जाड आहे आणि फोनचं मॉडेल कुठलं, ते इथेच लिहा. शंकूचा हिशोब करून रेघा जाण्यासारख्या आहेत की नाहीत ते सांगता येईल.